सर्व्हेलन्समध्ये टाकलेल्या शेअरच्या मालकालाही कळू द्या: सेबी आणि शेअर बाजारांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
तसेच एनएसई आणि बीएसई यांचे सर्व्हेलन्स विभाग, मुंबई

सादर नमस्कार,

मी इचलकरंजीत एका ब्रोकरचा अधिकृत प्रतिनिधी, जुन्या भाषेत सब-ब्रोकर, म्हणून काम करतो. माझे ग्राहक म्हणजे यंत्रमाग चालवणारे, निवृत्त शिक्षक, दुकानदार, एक-दोन डॉक्टर. एखादा शेअर तुम्ही एएसएम, जीएसएम किंवा ईएसएम या जादा देखरेखीच्या यादीत टाकता, त्याची यादी बाजार बंद झाल्यावर तुमच्या संकेतस्थळावर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजू लागतो. त्या फोनवर मला जे सांगता येत नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. नियम तुम्हाला मी सांगावेत असे नाही, ते तुम्हीच केलेले आहेत. पण पत्र खुले आहे आणि माझे ग्राहकही ते वाचणार आहेत, म्हणून काही गोष्टी मुळापासून मांडतो.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अहो, माझी कंपनी सर्व्हेलन्समध्ये गेली म्हणे. बुडाली का?" मी सांगतो, नाही, काका. बाजाराच्या प्रत्येक परिपत्रकात एक वाक्य असते: ही निवड केवळ देखरेखीसाठी आहे, ती कंपनीविरुद्धची कारवाई समजू नये. ते वाक्य खरेच आहे. एएसएममध्ये शेअर जातो तो बहुतेक वेळा त्याच्या भावाच्या आणि उलाढालीच्या वागण्यामुळे. थोड्या दिवसांत भाव किती हलला, वरखाली किती झाला, उलाढालीत मोजक्याच ग्राहकांचा वाटा किती, किती वेगळ्या पॅनधारकांनी व्यवहार केला, डिलिव्हरीचे प्रमाण काय, कमाईच्या मानाने भाव किती फुगला. कंपनीचा ताळेबंद स्वच्छ असतानाही हे निकष लागू होऊ शकतात. जीएसएमची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे कंपनीची नक्त मालमत्ता, स्थिर मालमत्ता, नफा यांच्याकडे पाहिले जाते आणि या पायाच्या मानाने भाव फार वर गेला असेल तर शेअर यादीत येतो. पण तिथेही गुन्हा सिद्ध झालेला नसतो.

"मग माझे पैसे का अडकले?" हा दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. परिपत्रक म्हणते कारवाई नाही, खात्यात मात्र कारवाईसारखेच काहीतरी घडत असते. ते नेमके कसे घडते ते सांगतो.

दीर्घ मुदतीच्या एएसएममध्ये पहिल्या टप्प्यावर शंभर टक्के मार्जिन लागते, म्हणजे व्यवहाराची पूर्ण रक्कम आधीच भरावी लागते. ज्याच्या डिमॅटमध्ये शेअर आहेत आणि ज्याला ते विकून मोकळे व्हायचे आहे, त्याला याने थेट काही होत नाही. शेअर आधी जमा केले की त्याच्यावर मार्जिन येत नाही. फटका बसतो तो उधारीवर घेतलेल्यांना. बहुतेक ब्रोकर अशा शेअरवर मार्जिन फंडिंग बंद करतात आणि तारण म्हणून त्याची किंमत शून्य धरू लागतात. ज्याने निम्मे पैसे भरून शेअर घेतले होते त्याला उरलेले निम्मे एकदम भरावे लागतात. नाही भरले तर ब्रोकर विकतो. त्या शेअरवर असे पन्नास जण असतील तर पन्नासही जण एकाच आठवड्यात विकायला उभे राहतात, आणि नवा घेणारा पूर्ण पैसे रोख असल्याशिवाय येत नाही. यादीत गेल्यानंतर भाव कोसळतो तो अनेकदा एवढ्याच कारणाने. कंपनीत त्या आठवड्यात काहीही बदललेले नसते. 2018 च्या मार्चमध्ये एएसएम आले आणि त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला एकदम बरेच शेअर त्यात गेले, तेव्हा मिडकॅप-स्मॉलकॅपमध्ये झालेली पडझड या व्यवसायातल्या कुणीही विसरलेले नाही.

पुढच्या टप्प्यांवर भावाची रोजची मर्यादा, म्हणजे सर्किट, एकेक पायरी खाली येते, आणि चौथ्या टप्प्यावर पाच टक्क्यांचे सर्किट व ट्रेड टू ट्रेड लागते. ट्रेड टू ट्रेड म्हणजे सकाळी घेऊन दुपारी विकणे बंद. घेतले त्याची डिलिव्हरी घ्यायची, विकले त्याची डिलिव्हरी द्यायची, दोन्ही व्यवहार एकमेकांत वळते होत नाहीत. ज्याला हे माहीत नसते तो आज घेतलेले शेअर खात्यात यायच्या आधीच विकून बसतो आणि डिलिव्हरी न दिल्याचा भुर्दंड भरतो. एनएसईवर शेअरच्या नावापुढे BE दिसते, बीएसईवर T गट दिसतो, ही ओळखायची खूण. मात्र BE म्हणजे सर्व्हेलन्सच असेही नाही. लहान आयपीओ नोंदणीनंतर सुरुवातीचे काही दिवस ट्रेड टू ट्रेडमध्येच असतो. नुसती खूण पाहून कुणाला कारण कळणार नाही, हे तुमच्याही लक्षात येईल.

पाच टक्क्यांचे सर्किट भाव रोखते असे लोकांना वाटते. खरे तर ते बाहेर पडणे रोखते. दोनशे रुपयांच्या शेअरला घेणारेच नाहीत असे समजा. पहिल्या दिवशी 190, दुसऱ्या दिवशी 180 रुपये 50 पैसे, आणि असे पाच दिवस लोअर सर्किट लागले की भाव दीडशेच्या थोडा वर येतो. तेवीस टक्क्यांच्या आसपास गेले. यातला एकही दिवस असा नसतो की आमच्या ग्राहकाने विकायचे ठरवले नाही. तो रोज सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकतो आणि साडेतीनला ती तशीच परत येते. रांगेत त्याच्या पुढे लाखो शेअर उभे असतात. मोठा गुंतवणूकदार बाजार उघडण्याआधीच, प्री-ओपनमध्ये, रांगेत पुढे लागायचा प्रयत्न करतो. आमचा शिक्षक शाळेची जुनी सवय म्हणून दहा वाजता फोन करतो.

जीएसएममध्ये हेच आणखी घट्ट होते. तिथे वरच्या टप्प्यांवर घेणाऱ्याकडून व्यवहाराच्या किमतीशिवाय जादा सर्व्हेलन्स ठेव घेतली जाते. ती रोख असते, तिच्यावर व्याज नसते आणि ती काही महिने अडकून राहते. 2017 मध्ये ही रचना सुरू झाली तेव्हा सहा टप्पे होते आणि शेवटच्या टप्प्यांवर ठेव दोनशे टक्के होती. म्हणजे एक लाखाचे शेअर घ्यायचे तर एक लाख किमतीचे आणि दोन लाख ठेवीचे, एकूण तीन लाख बाजूला काढायचे. व्यवहार महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी. सहाव्या टप्प्यावर भाव वर जाऊच शकत नव्हता. कोण घेईल असा शेअर? बंधन घेणाऱ्यावर होते, पण त्याची किंमत आधीपासून धरून बसलेल्याने मोजली, कारण त्याच्यासमोर घेणाराच उरला नाही. पुढे टप्पे सहाचे चार झाले, ठेव आणि व्यवहाराचे दिवसही बदलले, ते चांगले झाले. मूळ स्वरूप मात्र तेच आहे.

आता 7 ऑगस्ट 2017 कडे येतो. कारण 'सर्व्हेलन्स म्हणजे कारवाई नव्हे' या वाक्याची खरी परीक्षा त्या दिवशी झाली.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने 9 जून 2017 च्या पत्राने संशयित शेल, म्हणजे केवळ कागदावरच्या, कंपन्यांची यादी सेबीकडे पाठवली होती. सेबीने 7 ऑगस्टला बाजारांना पत्र लिहून त्यातल्या 331 नोंदणीकृत कंपन्या थेट जीएसएमच्या सहाव्या टप्प्यात टाकायला सांगितल्या. मधले पाच टप्पे नाहीत, नोटीस नाही, कंपनीचे म्हणणे ऐकणे नाही. प्रवर्तक आणि संचालकांच्या शेअरच्या हस्तांतरावर बंधन आले. बाजारांनी कंपनीची शहानिशा करावी, गरज पडली तर स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून किंवा फॉरेन्सिक ऑडिट करावे, आणि कंपनी खरी ठरली नाही तर सक्तीने डिलिस्ट करावे, असा क्रम ठरवून दिला गेला.

तारखेकडे जरा लक्ष द्या. 7 ऑगस्ट हाच त्या महिन्याचा पहिला सोमवार होता. निर्बंध त्यानंतर लागू झाले, म्हणजे व्यवहाराचा पुढचा दिवस 4 सप्टेंबर. मंगळवारी सकाळी ज्याच्या हातात हे शेअर होते त्याला जवळपास चार आठवडे विकायची सोयच नव्हती. नंतर एक दिवस मिळणार, त्याही दिवशी भाव वर जाणार नाही आणि घेणाऱ्याला तिप्पट पैसे लागणार.

त्या 331 मध्ये नावापुरत्या उरलेल्या कंपन्या भरपूर होत्या, हे मी नाकारत नाही. पण त्यातच जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स होती, मुंबईच्या मेट्रोची आणि पुलांची कामे करणारी. प्रकाश इंडस्ट्रीज होती, पार्श्वनाथ डेव्हलपर्स होती. जे. कुमारचे खांब आणि यंत्रे मुंबईकर रोज रस्त्यावर पाहत होते. तिच्या कामाविषयी, हिशेबाविषयी कुणाला काही शंका असेल तर ती तपासलीच पाहिजे. पण जिची क्रेन रस्त्यावर उभी दिसते ती कंपनी 'शेल' आहे असे एका रात्रीत जाहीर झाल्यावर भागधारकाने काय समजायचे?

जे. कुमार आणि प्रकाश इंडस्ट्रीज प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सॅटकडे गेल्या. 10 ऑगस्टला, तिसऱ्याच दिवशी, सॅटने या दोघींपुरती स्थगिती दिली. सॅटचे म्हणणे दोन मुद्द्यांवर होते. एक, सेबीने कसलीही चौकशी न करता हे पाऊल उचलले. दुसरे, मंत्रालयाचे पत्र जूनमध्ये आले आणि पाऊल ऑगस्टमध्ये पडले, मग कंपनीला ऐकूनही न घेण्याइतकी तातडी कुठे होती? त्यानंतर आणखी कंपन्या दाद मागायला गेल्या. काहींवरचे व्यवहाराचे निर्बंध सेबीने स्वतःच सुनावणीनंतर उठवले आणि त्यांच्या हिशेबाची तपासणी वेगळी चालू ठेवली.

माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही, की दाद मागायला ज्या गेल्या त्या कंपन्या होत्या. त्यांच्याकडे वकील होते, मुंबईत कार्यालय होते, तीन दिवसांत उभे राहायची ताकद होती. पाचशे शेअर धरून बसलेल्या भागधारकाला सॅटकडे जाता येत नाही, आणि खरे तर त्याच्याविरुद्ध कुठलाही आदेश नव्हताच. आदेश त्याच्या कंपनीविषयी होता, बंधन घेणाऱ्यावर होते, नुकसान त्याचे होते.

याउलट 3 फेब्रुवारी 2023 पाहा. अदानी समूहावर आरोप करणारा हिंडनबर्गचा अहवाल 24 जानेवारीला आला, अदानी एंटरप्रायझेसने वीस हजार कोटींचा एफपीओ, म्हणजे नव्या शेअरची जाहीर विक्री, 1 फेब्रुवारीला मागे घेतला, आणि 3 तारखेपासून अदानी एंटरप्रायझेस, अदानी पोर्ट्स आणि अंबुजा सिमेंट्स हे तिन्ही शेअर एएसएममध्ये आले. दिवसभर टीव्हीवर 'अदानी सर्व्हेलन्सखाली' एवढेच चालू होते. माझ्या एका ग्राहकाने घाबरून अंबुजाचे शेअर विकायला सांगितले. प्रत्यक्षात ते अल्प मुदतीचे एएसएम होते. मार्जिन वाढले, सट्टा महाग झाला. हे शेअर वायदे बाजारात असल्यामुळे त्यांना पाच टक्क्यांचे ठरावीक सर्किटही नव्हते. ज्याला विकायचे होते तो विकू शकत होता, ज्याला घ्यायचे होते तो घेऊ शकत होता. 2017 ला 331 कंपन्यांच्या भागधारकांच्या नशिबी जे आले त्याच्याशी याचे नावापुरतेच साम्य. बातमीत, व्हॉट्सॲपवर आणि ऑर्डर टाकताना पडद्यावर येणाऱ्या इशाऱ्यात मात्र दोन्हींचा सूर एकच असतो.

मी देखरेखीच्या विरोधात नाही. माझ्या गावात टेलिग्रामवरच्या 'टिप'मुळे आयुष्याची पुंजी गमावलेली माणसे आहेत. दोन-तीन कोटींच्या कंपनीचा शेअर महिनाभर अपर सर्किटला ठेवून शेवटी आमच्यासारख्या गावांतल्या लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांना कोणीतरी आवरलेच पाहिजे. पण तुमच्या साधनाची एक मर्यादा आम्ही रोज पाहतो, ती सांगतो. सर्किट पाच टक्क्यांवर आणले की चढवणाऱ्याचे काम स्वस्त होते. थोडेसे शेअर घेतले की अपर सर्किट लागते, विकायला कुणी नसते, आणि पडद्यावर पुन्हा 'अपर सर्किट, घेणारे रांगेत' असे दिसते. रोज पाच टक्के, असे वीस दिवस चालले तर भाव अडीच पटींहून जास्त होतो. आणि त्या वीस दिवसांत नवखा माणूस त्यालाच मागणी समजतो. म्हणून कुणी असा शेअर घेऊन या म्हटले की मी आधी भाव बघत नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात किती शेअर हात बदलले, डिलिव्हरी किती, आणि महिन्याभरात भावाच्या मानाने उलाढाल वाढली की आटली, हे बघतो. हा धडा तुमच्या इशाऱ्यात कुठे लिहिलेला नसतो.

आता माझे मागणे. एएसएमचे निकष तुम्ही प्रसिद्ध करता, पण त्यातले मोजक्या ग्राहकांच्या वाट्याचे आणि पॅनच्या संख्येचे आकडे फक्त बाजाराकडेच असतात. बाहेरून मोजताच येत नाहीत. त्यामुळे शेअर नेमक्या कोणत्या निकषावर अडकला ते मला सांगता येत नाही, आणि ग्राहकालाही कळत नाही. भाव झपाट्याने वाढला म्हणून अडकलेला शेअर आणि उलाढाल वीस-पंचवीस खात्यांतच फिरते म्हणून अडकलेला शेअर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात थांबायचे असते, दुसऱ्यात बहुधा पळायचे असते. शेअर यादीत जाताना त्याच्यापुढे निकषाचा प्रकार लिहा. आकडे नकोत, नुसता प्रकार: भावाची हालचाल, ग्राहकांचे केंद्रीकरण, कमाईच्या मानाने भाव, कंपनीचा आकार.

यावर तुमचे उत्तर मला माहीत आहे. निकष उघड केले तर चढवणारे त्याच्या काठाकाठाने खेळतील. हे आक्षेप म्हणून खरे आहे, म्हणूनच मी आधी सांगा असे म्हणत नाही. मर्यादा गुप्त ठेवा, अचानक यादी लावा, पण लावल्यानंतर कारणाचा प्रकार सांगा. ज्याने चढवले त्याला आपण काय केले ते आधीच माहीत असते. माहीत नसते ते फक्त आमच्या ग्राहकाला.

दुसरे, तारीख. टप्पा कोणता, किमान किती दिवस राहणार आणि पुन्हा तपासणी कधी, हे एका ओळीत त्याच जागी असावे. आज ते शोधायला वेगवेगळी परिपत्रके आणि त्यांच्या सुधारणा वाचाव्या लागतात. सुधारणा तुम्ही करता, हेही मान्य केले पाहिजे. जून 2023 मध्ये पाचशे कोटींखालच्या कंपन्यांसाठी ईएसएम आले, तेव्हा दुसऱ्या टप्प्यावर व्यवहार आठवड्यातून एकच दिवस होता. लोकांनी अडचण सांगितल्यावर काही आठवड्यांतच तो रोजचा, ठरावीक वेळच्या लिलाव पद्धतीचा झाला. तेव्हा ऐकले, तसे आताही ऐका.

तिसरे, जिथे मंत्रालयाच्या किंवा तपास यंत्रणेच्या पत्रावरून एखादी कंपनी थेट कडक टप्प्यात टाकायची असेल, तिथे चढणे रोखणारी बंधने लगेच लावा. उतरणे रोखणारी, म्हणजे महिन्यातून एक दिवस आणि घेणाऱ्यावर दुप्पट ठेव अशी, कंपनीचे म्हणणे ऐकल्याशिवाय लावू नका. प्रवर्तकांचे शेअर गोठवा, त्याला कुणाची हरकत नाही. सामान्य भागधारकाला दार उघडे ठेवा, भले सर्किट कितीही लहान करा.

आणि शेवटचे. कोणत्या डिमॅट खात्यात कोणता शेअर आहे हे ती खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएल या संस्थांना ठाऊक असते. खात्यातून शेअर गेले की त्यांचा एसएमएस येतो. त्याच मार्गाने शेअर यादीत गेला, टप्पा बदलला, यादीतून बाहेर आला, असा संदेश त्या शेअरच्या धारकाला जावा, आणि खातेधारकाने मराठी निवडली असेल तर मराठीत जावा. यादी संध्याकाळी लागते. संदेश त्याच रात्री गेला तर सकाळी सव्वानऊच्या रांगेत आमचा शिक्षकही उभा राहू शकेल.

कळावे,
आपला,
इचलकरंजीतील एक सब-ब्रोकर